औषध सुरू असताना जुलाब लागले, तर बाटली बंद करायची का?

अकोल्याच्या एका वस्तीतल्या पाच वर्षांच्या मुलाची ही हकीकत आहे. मे महिना होता. कान दुखतो म्हणून पोरगा रात्रभर रडला, अंगात ताप भरला. सकाळी आई त्याला दवाखान्यात घेऊन गेली. कानात पू झाल्याचं सांगून डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकचं पातळ औषध दिलं. पाच मिली सकाळी, पाच मिली संध्याकाळी, सात दिवस. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोराला चार वेळा पातळ संडास झाली. आजी म्हणाली, "पोट्ट्याले दवाई बाधली. बंद कर थे." बाटली फळीवर गेली. पाचव्या दिवशी कान पुन्हा ठणकू लागला आणि तापही आला.

आजीचं अर्धं बरोबर होतं. जुलाब औषधानंच लागले होते. पण औषधानं पोट बिघडणं म्हणजे औषध बाधणं नव्हे, आणि या दोन गोष्टींतला फरक समजला की बाटली बंद करायची का, याचं उत्तर बरंचसं मिळतं.

आपल्या आतड्यांत कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यातले बहुतेक आपल्या उपयोगाचे असतात. आपल्याकडून न पचलेलं अन्न ते मोडतात आणि घातक जंतूंना जागा मिळू देत नाहीत. कपाशीवर फवारणी केली की बोंडअळीसोबत ढालकिड्यासारखे मित्रकीटकही मरतात आणि मग मावा मोकाट वाढतो, हे शेतात राबणाऱ्यांना सांगायला नको. अँटिबायोटिकचंही तसंच. कानातला जंतू कोणता आणि आतड्यातला मित्र कोणता, हे त्याला कळत नाही. मित्र कमी झाले की न पचलेली साखर आणि पिष्ट आतड्यातच राहतं, ते पाणी ओढून घेतं आणि संडास पातळ होते. अमॉक्सिसिलिनच्या जोडीला असलेलं क्लॅव्ह्युलॅनिक तर आतड्यांची हालचालही वाढवतं. म्हणून या औषधानं पोट बिघडल्याच्या तक्रारी जास्त येतात. असे साधे जुलाब औषध संपल्यावर बहुधा काही दिवसांत आपोआप थांबतात.

या पोराच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी घडल्या होत्या. बाटलीसोबत आलेलं मापाचं झाकण हरवलं होतं, म्हणून आई जेवणाच्या मोठ्या चमच्यानं औषध पाजत होती. त्या चमच्यात पाच मिली नाही, जवळपास दहा मिली मावत होतं. म्हणजे पोराला दुप्पट डोस जात होता. शिवाय औषध सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी दिलं जात होतं. हे औषध जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर पोटाला कमी त्रास होतो. माप हरवलं तर मेडिकलवाल्याकडून सुईशिवायची पाच मिलीची सिरिंज मागून घ्यावी. ती सगळ्यात बिनचूक.

मग तिसऱ्या दिवशी काय करायला हवं होतं? आमच्या मते आधी पोराकडे नीट पाहायला हवं होतं. तो खेळत होता, पाणी पीत होता, लघवी नेहमीसारखी होत होती, संडासात रक्त नव्हतं, पोट फुगलं नव्हतं, ताप उतरलेला होता. अशा वेळी बाटली सुरू ठेवायची, डोस मापून आणि जेवणासोबत द्यायचा, पाणी वाढवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून किंवा भेटून कळवायचं. औषध बदलायचं, दिवस कमी करायचे की आहे तेच चालवायचं, हे त्यांना ठरवू द्यायचं. डॉक्टर कधी कधी स्वतःच बंद करा म्हणतात. कारण काही आजारांना तेवढे दिवस लागत नाहीत, आणि साध्या सर्दी-पडशाला तर अँटिबायोटिक लागतच नाही. "हे खरंच लागतं का, किती दिवस लागतं?" असं पहिल्याच दिवशी विचारायला संकोच करू नये. पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. ही रेघ ओळखा म्हणून केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं 2016 मध्ये मोहीम सुरू केली होती.

पाणी वाढवायचं म्हणजे ओआरएस. एक पुडी एक लिटर पाण्यात. प्रत्येक पातळ संडासानंतर दोन वर्षांखालच्या लेकराला पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, घोट घोट. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. इथं आपल्या भागासाठी एक गोष्ट सांगायला हवी. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, विहिरी-बोअरचं पाणी मुळातच खारट असतं. त्यात ओआरएस कालवलं तर मीठ जास्त होतं आणि लहान लेकराला ते त्रासाचं ठरू शकतं. म्हणून ते नळाच्या किंवा टँकरच्या गोड्या पाण्यातच, उकळून थंड केलेल्या पाण्यात करावं, आणि उरलेलं चोवीस तासांनी फेकून द्यावं. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं लिहिलेलं आहे का, ते पाहून घ्या. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नव्हेत. लेकरांच्या जुलाबात झिंकच्या गोळ्याही देतात. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे मिळतं, पण झिंकचा डोस वय विचारून त्यांनाच सांगू द्या.

आता दह्याचं. दही खा म्हणणारी माणसं चूक नाहीत, पण दह्यावर जेवढा भरवसा ठेवला जातो तेवढा त्यानं पेलवत नाही. घरच्या विरजणात कोणते जिवाणू आहेत आणि किती आहेत, हे प्रत्येक घरी वेगळं असतं. ताजं दही, ताक-भात किंवा मिठाचं ताक द्यावं. पोटाला हलकं जातं आणि पाणीही मिळतं. कढीचा मात्र या कामी उपयोग नाही, कारण उकळली की त्यातले जिवाणू मरतात. रस्त्यावरच्या बर्फाच्या ताकातला बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे जुलाब लागलेल्या लेकराला ते देऊ नये.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या प्रोबायोटिकच्या पुड्या वेगळ्या. त्यात ठरावीक जातीचे जिवाणू मोठ्या संख्येनं असतात. अँटिबायोटिक घेणाऱ्या मुलांवर अशा पुड्यांच्या 33 अभ्यासांचा एकत्र हिशेब 2019 मध्ये मांडला गेला. पुडी न घेणाऱ्या शंभरांतल्या सुमारे 19 मुलांना जुलाब लागले, घेणाऱ्यांतल्या 8 जणांना. म्हणजे फायदा आहे, पण न घेणाऱ्या बहुसंख्य मुलांनाही काहीच झालं नाही. तेव्हा पैसे नसतील तर पुडीसाठी उसनवारी करू नका. घ्यायचीच तर जुलाब लागण्याची वाट न पाहता, औषधाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून, डॉक्टरांना विचारून. लॅक्टोबॅसिलसची पुडी असेल तर ती आणि अँटिबायोटिक यात दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर औषध पुडीतल्या जिवाणूंनाही मारेल. सॅकरोमायसीस बोलार्डी हे यीस्ट आहे, अँटिबायोटिकनं ते मरत नाही. मात्र ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे, कॅन्सरचे उपचार चालू आहेत, किंवा जे अतिदक्षता विभागात आहेत, त्यांना यातली कोणतीही पुडी स्वतःच्या मनानं देऊ नये.

काही औषधांच्या बाबतीत दही अडचणही करतं. लघवीच्या संसर्गात दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन आणि स्क्रब टायफसच्या तापात दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन, या गोळ्यांना दूध-दह्यातलं कॅल्शियम चिकटतं आणि औषध अंगात कमी जातं. आपल्याकडे सकाळची गोळी दुधाच्या चहासोबत घ्यायची सवय आहे, ती इथं सोडावी. गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला असेल तर दही दुपारी बाराला खावं. दोन्हीकडून पुरेसं अंतर पडतं. अमॉक्सिसिलिनला हे बंधन नाही.

जी चूक आम्हाला सगळ्यात धोक्याची वाटते, ती या पोराच्या घरी होता होता राहिली. जुलाब थांबावेत म्हणून शेजारणीनं ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. पोट बिघडलं की वस्तीत या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. पण त्याही अँटिबायोटिकच आहेत. एका फवारणीनं मित्र मेले म्हणून दुसरी फवारणी केली, असं होतं. संडास एकदम बांधणारी लोपरामाइडची गोळीही लेकरांना देऊ नये, आणि मोठ्यांनीही अँटिबायोटिकच्या जुलाबात विचारल्याशिवाय घेऊ नये.

काही खुणा दिसल्या मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र काढायची नाही. संडासात रक्त किंवा आव, पुन्हा चढलेला ताप, पोटात जोराची कळ किंवा फुगलेलं पोट, दिवसभरात सात-आठ वेळा पाण्यासारखे जुलाब, प्यायलेलं पाणीही उलटून पडणं, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, लेकरू मलूल. अशा वेळी पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. अकोल्यात सर्वोपचार, अमरावतीत इर्विन, आणि गाडी नसेल तर 108. अंगावर गांध्या उठणं, ओठ-चेहरा सुजणं किंवा दम लागणं ही मात्र खरी बाधण्याची लक्षणं. इथं औषध तत्काळ थांबवायचं आणि धावत निघायचं.

त्या पोराला पाचव्या दिवशी पुन्हा दवाखान्यात नेलं. उरलेली बाटली डॉक्टरांनी टाकून द्यायला लावली. पाण्यात कालवलेलं हे औषध फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांच्या आत संपवायचं असतं, आणि ती तर अकोल्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या फळीवर पडून होती. घरी फ्रिज नाही हे कळल्यावर त्यांनी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या, जेवणासोबत, आणि दिवस नव्यानं मोजायला सांगितले. दोन-तीन दिवस दिवसातून दोनदा पातळ होत होतं, मग थांबलं. कानही बरा झाला.

आईनं रिकामं पाकीट मात्र जपून ठेवलं आहे, ते डॉक्टरांनीच सांगितलं म्हणून. मित्रजंतू कमी झाले की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा एक जंतू आतड्यात वाढू शकतो. म्हाताऱ्या माणसांत आणि बरेच दिवस दवाखान्यात राहिलेल्यांत हा धोका अधिक असतो. त्याचे जुलाब औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही लागू शकतात आणि त्याला वेगळं औषध लागतं. म्हणून दोन-अडीच महिन्यांच्या आत जोराचे जुलाब लागले तर ते पाकीट घेऊन जायचं आणि सांगायचं, "मागं हे औषध घेतलं होतं."