डिस्कमधले ६९ जीबी गेले कुठे?

नवी एक टीबीची हार्ड डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली की पडद्यावर दिसतात जेमतेम ९३१ जीबी. ग्राहक दुकानदारावर चिडतो, दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो. खरे तर डिस्कमध्ये एक बाइटही कमी नसतो.

अशा डिस्कवर साधारण १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट मावतात. कंपनी या आकड्याला १००० ने भागत जाते. एकदा भागले की केबी, दुसऱ्यांदा एमबी, तिसऱ्यांदा जीबी: उत्तर १०००.२ जीबी. विंडोज मात्र दर पायरीला १०२४ ने भागते. पहिल्या पायरीला ९७,६७,६२,५८४ केबी, पुढे सुमारे ९,५३,८७० एमबी आणि शेवटी ९३१.५ जीबी. बाइट तेच, भाजक वेगळा.

१०२४ हा आकडा मेमरी चिपमधून आला. पत्ता सांगणारी एकेक तार वाढली की जागा दुप्पट होतात. दहा तारांना १०२४ जागा. हजाराच्या इतक्या जवळचा आकडा म्हटल्यावर त्यालाच 'किलो' म्हणायची सवय लागली. केबीत हा फरक अवघा २.४ टक्के, पण दर पायरीला तो चढत जातो आणि जीबीत ७.४ टक्क्यांवर पोचतो.

फाइलींची यादी घेतली की हे नीट दिसते. ४८,५०० बाइटचे पत्रक दशमान पद्धतीने ४८.५ केबी, द्विमान पद्धतीने ४७.४. ३४,५०,००० बाइटचा फोटो ३.४५ एमबी किंवा ३.२९. आणि ४,७०,०३,७२,९९२ बाइटची भरलेली डीव्हीडी ४.७० जीबी किंवा ४.३८. यादीची बेरीज करायची असेल तर ती आधी बाइटमध्ये करावी आणि भागाकार शेवटी. एरवी प्रत्येक ओळीत पूर्णांकनाने गळलेले तुकडे बेरजेत साठतात. एकक आधी ठरवून मग पूर्णांकन केले तर आणखी एक गंमत होते: १०,४८,५७५ बाइटची फाइल '१०२४.० केबी' अशी दिसते. तिथे '१.० एमबी' लिहायला हवे.

घोळाचा कळस म्हणजे जुनी १.४४ एमबीची फ्लॉपी. तिच्यावर १४,७४,५६० बाइट, म्हणजे १.४७ किंवा १.४१ एमबी. मग १.४४ आले कुठून? आधी १०२४ ने भागून १४४० केबी काढले, आणि पुढचा भागाकार बिनदिक्कत १००० ने केला!

१९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने द्विमान एककांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे दिली; लिहिताना KiB, MiB, GiB. लिनक्सच्या जगात ती बरीच रुळली. ॲपलने २००९ मध्ये मॅकवर सरळ १००० चा भाजक धरला. विंडोज अजून १०२४ ने भागून पुढे 'GB' च लिहिते. पण तिथे फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कंसात पूर्ण बाइटही दिलेले असतात. शंका आली तर त्यांनाच भागून पाहावे.