चुकलेला कंस नेमका कुठे?

`a[(b+c]*d)` या ओळीत उघडणारे दोन कंस आहेत आणि बंद होणारेही दोनच. त्यामुळे नुसती मोजणी इथे फसते. संगणक त्याऐवजी स्टॅक वापरतो. ताटांच्या चळतीसारखं, शेवटी ठेवलेलं आधी निघतं. उघडणारा कंस दिसला की तो आपल्या स्थानासह वर ठेवायचा. इथे दुसऱ्या स्थानावरचा `[`, त्यावर तिसऱ्यावरचा `(`. सातव्या स्थानी `]` येतो, पण चळतीच्या माथ्यावर `(` आहे. जोडी जुळत नाही, म्हणून तिथेच थांबून ७ हा आकडा कळवायचा. बंद कंस आला आणि स्टॅक रिकामा असला, तरीही चूक त्याच जागी.

मजकूर संपूनही स्टॅकमध्ये कंस उरले, तर मात्र सर्वांत खालच्याचं स्थान सांगावं. बंद न झालेला पहिला कंस तोच. स्थान साठवलंच नसेल, तर हे सांगता येत नाही.