तिसरं गेट म्हणजे नेमकं कोणतं?

पुण्यात म्हात्रे पुलापासून राजाराम पुलाकडे जाणारा डीपी रोड लग्नसराईत वऱ्हाडींची परीक्षा घेतो. मुठेच्या काठाने इथे लॉन्स आणि मंगल कार्यालयं लागोपाठ उभी आहेत. दाट मुहूर्ताच्या दिवशी जवळपास प्रत्येक दारात फुलांची कमान, सनईची तीच ध्वनिफीत आणि फेटे बांधलेली, घाईत असलेली माणसं. अशा रस्त्यावर ‘लोकेशन पाठवलंय’ एवढं सांगून यजमान मोकळा होतो आणि पाहुणा अडकतो.

पहिला घोळ रस्त्याच्या नावातच आहे. डीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा. त्यात आखलेल्या कोणत्याही रस्त्याला लोक डीपी रोड म्हणू लागतात. त्यामुळे औंधला डीपी रोड आहे, कोथरूडला आहे आणि हा एरंडवण्याचाही आहे. कार्यालयांच्या नावांचं तेच. लक्ष्मी, सिद्धी, गणेश, कृष्ण ही नावं शुभ म्हणून सगळ्यांनाच हवी असतात. मुंबईहून निघालेल्या काकांनी नुसतं नाव टाकून शोधलं, तर नकाशा त्यांना भलत्याच उपनगरात नेऊ शकतो, आणि तिथेही एखादं लग्न चालू असतंच!

म्हणून पिन हवी. पण पिन नेमकी कशावर टोचली आहे, हे पाठवणाऱ्याने पाहिलेलं असतंच असं नाही. कार्यालयाच्या नावाची तयार पिन बरेचदा दारावर नसून आवाराच्या मध्यावर असते. लॉन दोन-तीन एकरांचं असलं, तर दार आणि पिन यांच्यात शंभरेक मीटर सहज पडतात. वाट काढताना नकाशा त्या पिनला जवळचा रस्ता शोधतो. मागच्या सोसायटीची गल्ली जवळ असेल, तर तो गाडी त्या गल्लीत नेतो आणि ‘तुम्ही पोहोचलात’ असं जाहीर करतो. समोर मात्र कुंपणाची भिंत. पलीकडून मंगलाष्टकं ऐकू येतात, आत जायला वाट नाही. ही चूक आधी ओळखायची खूण सोपी आहे. वाट आखल्यावर निळी रेघ पिनपर्यंत न पोहोचता अलीकडेच संपत असेल आणि पुढे नुसती टिंबं दिसत असतील, तर पिन रस्त्यापासून आत आहे. अशा वेळी नकाशा मोठा करून नेमक्या दारासमोरच्या रस्त्यावर बोट थोडा वेळ दाबून धरायचं. तिथे नवी लाल पिन उमटते. ती पाठवायची.

व्हॉट्सअ‍ॅपवरून लोकेशन पाठवतानाही गफलत होते. ‘सध्याचं लोकेशन’ म्हणजे पाठवणारा या क्षणी जिथे बसला आहे ती जागा. घरी सोफ्यावर बसून ते पाठवलं, तर पाहुणे वधूच्या कुलूपबंद घरापाशी येऊन उभे राहतील. कार्यालयात जाऊन, पण पत्र्याच्या छताखाली उभं राहून पाठवलं, तर खूण थोडी सरकू शकते. त्यापेक्षा बाहेर गेटवर, उघड्या आकाशाखाली थांबून पाठवणं बरं. ‘लाइव्ह लोकेशन’ तर लग्नाच्या कामाचंच नाही. ते पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास चालतं आणि फोनच्या मागे मागे फिरतं. मामा हार आणायला मंडईत गेले की पाहुण्यांच्या पडद्यावर लग्नही मंडईत जातं.

पिन बरोबर असली तरी शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला शब्दांचा आधार लागतो. आपल्याकडे वाट सांगायची तऱ्हाच खुणांची आहे: देवळावरून पुढे, पेट्रोल पंपाच्या अलीकडे. गुगललाही हे मानावं लागलं. भारतात लोक रस्त्यांच्या नावांपेक्षा खुणांवर चालतात हे पाहून त्यांनी २००९ साली इथल्या नकाशात वळणांबरोबर जवळच्या खुणा सांगायला सुरुवात केली.

खूण निवडणं हे मात्र यजमानाचंच काम. चहाची टपरी, फ्लेक्स, रसवंतीची गाडी या खुणा आज आहेत, लग्नाच्या दिवशी असतील याची खात्री नाही. संध्याकाळच्या स्वागत समारंभाला दिवसा दिसणारं वडाचं झाड उपयोगाचं नाही. उजेडात झळकणारी पाटी बरी. आणि आकड्यांवर फार विसंबू नये. ‘डावीकडचं तिसरं गेट’ हे लिहिणाऱ्याला अगदी स्पष्ट वाटतं. पण एखाद्या लॉनला आत जायला एक आणि बाहेर पडायला दुसरं गेट असलं, की कुणाचं तिसरं दुसऱ्याच्या लग्नात उघडतं. त्यापेक्षा अलीकडच्या कार्यालयाचं नाव सांगावं. सगळ्यात उपयोगी, आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी खूण म्हणजे पुढे निघून गेल्याची. ‘अमुक दिसलं तर चुकलात’ हे वाक्य लिहिलेलं असलं की पाहुणा दोन किलोमीटर पुढे जाऊन फोन करत नाही.

आणखी एक गोष्ट सुटते. सगळे पाहुणे एकाच बाजूने येत नाहीत. अलका चौकाकडून येणारा म्हात्रे पूल ओलांडून डावीकडे वळतो, तेव्हा नदी त्याच्या डाव्या हाताला असते. मुंबईहून वारजे, कर्वेनगरमार्गे येणारा राजाराम पुलाच्या टोकाकडून या रस्त्याला लागतो. त्याची नदी उजवीकडे. दोघांना एकच ‘डावीकडे’ सांगून चालणार नाही. समजा, कार्यालय या रस्त्यावर नदीच्या बाजूला आहे, तर निरोप साधारण असा होईल:

‘लग्न एरंडवण्याच्या डीपी रोडला आहे, म्हात्रे पूल आणि राजाराम पूल यांच्यामध्ये. औंध किंवा कोथरूडचा डीपी रोड नव्हे. सोबतची पहिली पिन मुख्य गेटची, दुसरी पार्किंगची. म्हात्रे पुलाकडून येणाऱ्यांनी पूल संपताच डावीकडे वळावे. अमुक लॉन्स गेले की डाव्या हाताला पुढचेच गेट आपले. राजाराम पूल दिसला तर पुढे गेलात. राजाराम पुलाकडून येणाऱ्यांना गेट उजव्या हाताला. म्हात्रे पूल दिसला तर पुढे गेलात. कमानीवर मुला-मुलीची नावे आहेत. मुहूर्त दुपारी १२.३२. गाडी लावून मांडवात यायला दहा मिनिटे धरावीत.’

त्यातली दुसरी पिन चैनीची नाही. पार्किंगचं तोंड बरेचदा मुख्य गेटपासून वेगळं असतं. ते मागे राहिलं आणि रस्त्यात दुभाजक असला, तर पुढच्या वळणावरून फिरून यावं लागतं. मुहूर्ताच्या आधीच्या अर्ध्या तासात त्या फेरीला किती वेळ लागेल, हे कुणी सांगू शकत नाही. आजी-आजोबांना आधी मुख्य गेटवर उतरवून मग गाडी लावायची, हेही लिहिलेलं बरं. नाहीतर गुडघेदुखीवाली आत्या पार्किंगपासून चालत येते आणि अक्षता टाकायच्या वेळी वाटेतच असते. आवारातली जागा भरली तर गाडी कुठे लावायची, हे कार्यालयाच्या व्यवस्थापकाला आधी विचारून ठेवावं. त्याला रोजचा अनुभव असतो.

निरोप तयार झाला की तो ज्याला ती जागा अजिबात माहीत नाही अशा एखाद्याच्या फोनवर पाठवून बघावा. त्याने पिन उघडून वाट आखली आणि निळी रेघ गेटवर थांबली, तरच तो सगळ्यांना जावा. पत्रिकेबरोबर महिनाभर आधी गेलेला निरोप लग्नाच्या दिवशी शेकडो शुभेच्छांखाली गाडला जातो. त्यामुळे तोच पुन्हा आदल्या रात्री पाठवावा लागतो. वऱ्हाडाच्या बसचालकाला मात्र वेगळा फोन करावा. बस वळेल एवढी जागा कुठे आहे आणि गेटच्या कमानीची उंची किती, हे त्याला पिन सांगत नाही. निरोपाखाली संपर्कासाठी जो क्रमांक द्यायचा, तो वधूपित्याचा नसावा. कन्यादानाला बसलेला माणूस फोन उचलत नाही. विधीत ज्याचं काही काम नाही आणि ज्याला तो रस्ता दोन्ही बाजूंनी तोंडपाठ आहे, अशा एखाद्या चुलतभावाचा क्रमांक द्यावा आणि त्याला मुहूर्त होईपर्यंत गेटवरच उभं करावं.