अहवालातला एक परिच्छेद आणि त्यातले आकडे

"जाहिरात खर्च वाढला की विक्री वाढते, किंमत वाढली की विक्री घटते. दोन्ही परिणाम सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय आहेत." कंपन्यांच्या अहवालात निष्कर्षांच्या जागी असं वाक्य वारंवार सापडतं. ते खोटं नसतं, पण त्यावरून कोणताही निर्णय घेता येत नाही. विक्री किती वाढते? या अंदाजावर किती विसंबायचं? आणि तो कुठे फसू शकतो? मालकाला, विक्री व्यवस्थापकाला याच प्रश्नांची उत्तरं हवी असतात.

संख्याशास्त्राच्या वर्गांत सर्रास वापरलं जाणारं एक उदाहरण घेऊ. 'ॲन इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग' या २०१३ च्या पाठ्यपुस्तकात 'कारसीट्स' नावाची आकडेवारी आहे. लहान मुलांना गाडीत बसवायच्या आसनांची ४०० दुकानांमधली विक्री तिच्यात दिली आहे. ही आकडेवारी शिकवण्यासाठी कृत्रिमरीत्या तयार केलेली आहे, पण तिच्यातले पेच खऱ्या बाजारातलेच आहेत.

विक्रीचा अंदाज किंमत आणि स्थानिक जाहिरात खर्च या दोनच गोष्टींवरून बांधला, म्हणजे रिग्रेशन केलं, तर निष्कर्षांचा परिच्छेद असा लिहिता येईल:

"जाहिरात खर्च सारखाच असलेल्या दुकानांची तुलना करता, किंमत एक डॉलरने जास्त असेल तिथे विक्री सरासरी ५५ नगांनी कमी दिसते (९५ टक्के विश्वासमर्यादा ४५ ते ६५). किंमत सारखी असताना जाहिरात खर्च हजार डॉलरने जास्त असेल, तर विक्री सरासरी १२३ नगांनी जास्त दिसते (८८ ते १५९). दुकानादुकानांतल्या विक्रीच्या फरकापैकी सुमारे २८ टक्के भाग या दोन गोष्टींनी उलगडतो. एखाद्या दुकानाचा अंदाज साधारण २,४०० नगांनी चुकू शकतो."

यातला 'सारखी असताना' हा शब्दप्रयोग गाळून चालत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या, तर कोणता फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. कंसातली मर्यादाही पैशांच्या भाषेत वाचायला हवी. हजार डॉलरला १२३ नग म्हणजे वाढीव नगामागे जाहिरातीचे सुमारे आठ डॉलर पडले. मर्यादेची दोन टोकं धरली तर हा खर्च सव्वासहा ते साडेअकरा डॉलर होतो. नगामागे नफा वीस डॉलर असेल तर फारशी चिंता नाही, पण तो नऊ डॉलर असेल तर हा सौदा तोट्यातही जाऊ शकतो. 'लक्षणीय' या एका शब्दातून हा फरक कळत नाही.

शेवटचं वाक्य तर बहुतेक अहवालांत नसतंच. समजा, एका दुकानात किंमत १२० डॉलर आणि जाहिरात खर्च दहा हजार डॉलर आहे. सूत्रानुसार तिथे सुमारे ७,७०० नग खपायला हवेत. पण त्या एका दुकानासाठी प्रामाणिक उत्तर 'साधारण तीन हजार ते साडेबारा हजार' असंच द्यावं लागेल. सरासरीचा कल पक्का असूनही एका दुकानाचा अंदाज इतका ढिला राहू शकतो.

आता सगळ्यात मोठी मेख. याच आकडेवारीत प्रतिस्पर्ध्याची किंमत, दुकानातली मांडणी, परिसरातल्या लोकांचं उत्पन्न आणि वय यांसारख्या गोष्टीही नोंदलेल्या आहेत. त्या हिशेबात धरल्या, की फरकाचा उलगडलेला भाग २८ वरून ८७ टक्क्यांवर जातो. जाहिरातीचा आकडा १२३ वरच राहतो, पण किंमतीचा ५५ वरून ९५ होतो. याचं मुख्य कारण असं, की जिथे प्रतिस्पर्धी महाग, तिथे आपली किंमतही बहुधा चढी असते. ग्राहकाला तिथे स्वस्त पर्याय नसल्यामुळे किंमतवाढीचा फटका अर्धामुर्धा झाकला जातो. ५५ च्या भरवशावर किंमत वाढवली आणि प्रतिस्पर्ध्याने वाढवली नाही, तर घट अपेक्षेच्या दीडपटीहून जास्त निघेल. विश्वासमर्यादेनेही आपल्याला सावध केलं नसतं, कारण ९५ हा आकडा तिच्या बाहेरच पडतो. वगळलेल्या गोष्टीमुळे होणारी चूक त्या मर्यादेत मोजलेलीच नसते.

म्हणून त्या परिच्छेदाला आणखी तीन वाक्यं जोडायला हवीत: "या हिशेबात प्रतिस्पर्ध्याची किंमत धरलेली नाही, ती धरल्यास किंमतीचा परिणाम बराच मोठा दिसतो. जास्त खपाच्या दुकानांनाच जाहिरातीसाठी जास्त पैसे दिले गेले असतील, तर १२३ हा आकडा जाहिरातीचं फळ म्हणून वाचता येणार नाही. सर्वाधिक जाहिरात खर्च २९ हजार डॉलर असल्याने त्यापुढच्या खर्चाबद्दल हे आकडे काही सांगत नाहीत."

या सूचना अहवालाच्या शेवटी परिशिष्टात ढकलू नयेत. ५५ हा आकडा ज्या परिच्छेदात आहे, त्याच परिच्छेदात त्या असायला हव्यात, कारण किंमत ठरवणारा माणूस बहुधा तेवढाच परिच्छेद वाचतो.