रोख्याची क्लीन किंमत, डर्टी किंमत आणि उपार्जित व्याजाची देवघेव

प्रस्तावना

सरकारी रोख्यांच्या बाजारात जो भाव ठरतो, तेवढीच रक्कम देऊन रोखा हाती येतो असे सहसा घडत नाही. व्याज देय असलेला दिवस सोडला, तर एरवी खरेदीदाराला ठरलेल्या भावापेक्षा काही अधिक रक्कम मोजावी लागते. बाजारात बोलला जाणारा भाव ही रोख्याची 'क्लीन' म्हणजे व्याजविरहित किंमत होय, आणि प्रत्यक्षात चुकती केली जाणारी रक्कम ही 'डर्टी' म्हणजे व्याजसहित किंमत होय. या दोहोंतील फरकास उपार्जित व्याज म्हणतात. बँकांच्या व्यवहारात त्यालाच खंडित कालावधीचे व्याज असेही नाव आहे. 'डर्टी' या शब्दात निंदेचा काहीही अंश नाही; दुसऱ्याचे व्याज मिसळलेली किंमत एवढाच त्याचा अर्थ. व्याख्या म्हणून हा भेद वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत आटोपतो. परंतु ही जादा रक्कम किमतीचा भाग मानावयाची की नाही, या प्रश्नावरून आपल्या देशात बँका आणि आयकर विभाग यांच्यात काही दशके वाद चालला. प्रस्तुत लेखात भारतीय केंद्र सरकारच्या एका रोख्याच्या आधारे ही देवघेव, तिची हिशेबातील नोंद आणि तिच्यावरील करविषयक निर्णय यांचा विचार केला आहे.

उपार्जित व्याज का द्यावे लागते ?

रोख्यावरील व्याज दररोज साचत जाते, परंतु सरकार ते सहा महिन्यांतून एकदाच देते. शिवाय ते ज्याच्या नावावर त्या वेळी रोखा असेल त्यालाच आणि संपूर्ण सहामाहीचे देते. मधल्या काळात तो रोखा कोणाकडे किती दिवस होता, याची चौकशी सरकार करीत नाही. साहजिकच ज्याने चार महिने रोखा सांभाळून तो विकला, त्याचे चार महिन्यांचे व्याज पुढील खरेदीदाराच्या हाती पडणार. ते विक्रेत्याला मिळवून देण्याची जबाबदारी मग सौद्यावरच येते. खरेदीदार विक्रेत्याचे व्याज आगाऊ देऊन टाकतो आणि व्याजाच्या तारखेस सरकारकडून पूर्ण सहामाहीचे व्याज घेऊन आपली भरपाई करून घेतो. म्हणजे ही रक्कम रोख्याचे मोल नसून एक प्रकारची उसनवारी आहे. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

भाव बोलताना हे व्याज बाजूला का ठेवले जाते, याचेही उत्तर येथेच मिळते. व्याजासह किंमत बोलली तर ती सहा महिने रोज थोडी थोडी चढत जाईल आणि व्याजाच्या दिवशी एकदम कोसळेल. करवतीच्या दातांसारख्या या आलेखावरून बाजारातील व्याजदर बदलले की केवळ दिवस सरले, हे ओळखणे कठीण जाईल. व्याज वगळले म्हणजे उरलेल्या किमतीतील हालचाल प्रामुख्याने बाजाराच्या मतातील बदल दाखविते. मात्र क्लीन किंमतही संपूर्णपणे निर्मळ नसते, हे येथे नमूद केले पाहिजे. उपार्जित व्याज सरळव्याजाने मोजले जाते, तर रोख्याचे मूल्य चक्रवाढीने वाढते. म्हणून ७.१८ टक्क्यांचा रोखा तेवढ्याच परताव्याला, म्हणजे सममूल्याला, विकला जात असला तरी सहामाहीच्या मध्यावर त्याची क्लीन किंमत १०० ऐवजी सुमारे ९९.९८ येते. हा दोन पैशांचा फरक व्यवहारात कोणी मनावर घेत नाही.

एक सौदा

'७.१८% जीएस २०३३' या केंद्र सरकारच्या रोख्यावर दरवर्षी १४ फेब्रुवारी व १४ ऑगस्ट या तारखांना व्याज देय असते. समजा, एका सहकारी बँकेने सोमवार, २१ एप्रिल २०२५ रोजी ५ कोटी रुपये दर्शनी किमतीचे हे रोखे १०५ रुपये भावाने घेतले. हा भाव उदाहरणापुरता घेतला आहे. सरकारी रोख्यांची सौदापूर्ती साधारणतः पुढील कामकाजाच्या दिवशी होते, म्हणून पैसे आणि रोखे यांची अदलाबदल मंगळवारी, २२ एप्रिलला होईल. व्याज याच दिवसापर्यंत मोजावयाचे असते. सौदा ठरल्याच्या दिवसापर्यंत नव्हे. पैसे हाती येईपर्यंत रोखा विक्रेत्याचाच असल्याने त्या दिवसांचे व्याजही त्याचेच. शुक्रवारी सौदा ठरून सोमवारी पूर्ण झाला, तर विक्रेत्याला सामान्यतः आणखी तीन दिवसांचे व्याज मिळते ते यामुळेच.

दिवस मोजण्याची रीतही ठरलेली आहे. केंद्र सरकारच्या रोख्यांसाठी महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरतात. १४ फेब्रुवारी ते १४ एप्रिल हे ६० दिवस आणि पुढचे ८, असे ६८ दिवस होतात. दिनदर्शिकेप्रमाणे मोजल्यास ते ६७ भरतात. फेब्रुवारी महिना आखूड असला तरी ३० दिवसांचाच मानला जातो, त्यामुळे हा एक दिवस वाढला. कंपन्यांच्या कर्जरोख्यांसाठी मात्र सेबीने २०१३ मध्ये प्रत्यक्ष दिवस मोजण्याची पद्धत लावून दिली आहे. एकाच संस्थेकडे दोन्ही प्रकारचे रोखे असल्यास एकाचे सूत्र दुसऱ्याला लावण्याची चूक सहज होते.

आता शंभर रुपयांमागे उपार्जित व्याज ७.१८ × ६८ ÷ ३६० म्हणजे सुमारे १.३५६२ रुपये आले. ५ कोटींवर ही रक्कम ६,७८,१११ रुपये होते (पैसे सोडून दिले आहेत). रोख्यांची किंमत १०५ भावाने ५,२५,००,००० रुपये. तेव्हा बँकेने चुकती करावयाची एकूण रक्कम ५,३१,७८,१११ रुपये, म्हणजे डर्टी किंमत सुमारे १०६.३५६२ झाली. सौद्याच्या चिठ्ठीवर भाव, खंडित दिवस, व्याज आणि एकूण मोबदला हे आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. पुढे क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था दोन्ही पक्षांच्या मध्ये उभी राहून दिवसभरातील देण्याघेण्याची वजावट करते. त्यामुळे बँकेच्या खात्यातून एकच निव्वळ आकडा वळता होतो आणि त्यातील व्याज किती हे त्या आकड्यावरून कळत नाही. चिठ्ठी जपून ठेवणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

१४ ऑगस्ट रोजी बँकेला पूर्ण सहामाहीचे १७,९५,००० रुपये व्याज मिळाले. त्यातून आधी दिलेले ६,७८,१११ वजा केले की ११,१६,८८९ रुपये उरतात. बँकेने २२ एप्रिलपासून प्रत्यक्ष रोखा बाळगला त्या ११२ दिवसांचे हेच व्याज होय. व्याज कोणाला द्यावयाचे याविषयी घोळ होऊ नये म्हणून १३ ऑगस्टला, म्हणजे आदल्या दिवशी, या रोख्याची सौदापूर्ती बंद ठेवलेली असते. ब्रिटनच्या सरकारी रोख्यांत अशी बंदी नसते. तेथे व्याजाच्या तारखेपूर्वीच्या सात कामकाजाच्या दिवसांत रोखा व्याजाविना विकला जातो, आगामी संपूर्ण व्याज विक्रेत्याला मिळते आणि उरलेल्या दिवसांचे व्याज त्याने खरेदीदाराला द्यावयाचे असते. उपार्जित व्याज उणे असू शकते, ही गोष्ट भारतीय विद्यार्थ्याला त्यामुळेच विचित्र वाटते.

हिशेबातील नोंद आणि चूक ओळखण्याची खूण

बँकेने खरेदीच्या दिवशी ५,३१,७८,१११ ही सगळी रक्कम गुंतवणुकीच्या खाती टाकली आणि ऑगस्टमध्ये १७,९५,००० रुपये व्याज उत्पन्न म्हणून दाखविले, तर काय होईल ? व्याजाचे उत्पन्न ६,७८,१११ रुपयांनी फुगेल आणि गुंतवणुकीची पुस्तकी किंमतही तेवढ्याच रकमेने फुगलेली राहील. पुढे रोखा पुन्हा १०५ ला विकला, तर भावात काहीही न गमावता तेवढा तोटा दिसेल. शेवटी एकूण बेरीज जुळते, म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही. परंतु मध्ये वर्षअखेर आली तर एका वर्षाचा नफा खोटा आणि दुसऱ्या वर्षाचा तोटाही खोटा ठरतो. रिझर्व्ह बँकेने विक्रेत्याला दिलेले खंडित कालावधीचे व्याज सरकारी रोख्यांच्या खरेदीखर्चात न मिळवता नफातोटा खाती खर्च म्हणून दाखविण्याचा दंडक बँकांना घालून दिला, तो याच कारणाने. विक्रेत्यानेही मिळालेली ही रक्कम विक्रीवरील नफ्यात न घालता व्याजाच्या खाती जमा केली पाहिजे.

ही चूक हुडकण्याची एक साधी खूण आहे. दाखविलेले व्याज रोखा बाळगल्याच्या दिवसांशी ताडून पाहावे. येथे ११२ दिवसांत ५ कोटींवर १७,९५,००० रुपये म्हणजे दर्शनी किमतीवर वार्षिक सुमारे ११.५ टक्के होतात. ७.१८ टक्क्यांचा रोखा इतके व्याज देऊच शकत नाही. तेव्हा त्यात दुसऱ्या कोणाचे तरी व्याज मिसळले आहे, हे उघड होते.

कराचा प्रश्न

रिझर्व्ह बँकेची ही रीत हिशेबापुरती होती. करआकारणीसाठी काय करावयाचे हे तीत ठरविलेले नव्हते. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की रोखे घेताना दिलेले हे व्याज भांडवली खर्चाचा भाग असून व्याजाच्या उत्पन्नातून त्याची वजावट मिळणार नाही. वरील उदाहरणाला हा न्याय लावला, तर बँकेने ११,१६,८८९ रुपये कमावून १७,९५,००० रुपयांवर कर भरावा आणि उरलेल्या रकमेची दाद रोखा विकला जाईपर्यंत किंवा त्याची मुदत भरेपर्यंत पाहत बसावे, असा प्रसंग ओढवतो. मात्र तो निर्णय ज्या कलमांवर आधारलेला होता, ती 'रोख्यांवरील व्याज' या स्वतंत्र उत्पन्नशीर्षाची कलमे १ एप्रिल १९८९ पासून कायद्यातून वगळली गेली होती. हा फरक पुढील प्रकरणांत महत्त्वाचा ठरला. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या प्रकरणात, विभागाने मिळालेल्या व्याजावर धंद्याचे उत्पन्न म्हणून कर आकारला असेल तर दिलेल्या व्याजाची वजावटही दिली पाहिजे, अशी भूमिका घेतली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बँक ऑफ राजस्थानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रोखे व्यापारी माल म्हणून बाळगले असल्यास खंडित कालावधीच्या व्याजाची वजावट मिळेल, असे स्पष्ट केले. मुदतपूर्तीपर्यंत ठेवण्यासाठी घेतलेले रोखे गुंतवणूक आहेत की माल, हे मात्र प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थिती पाहून ठरवावे लागेल. म्हणजे उदाहरणातील ६,७८,१११ रुपयांची वजावट बँकेला त्या वर्षी मिळेल किंवा नाही, हे तिने तो रोखा कोणत्या हेतूने घेतला आणि आपल्या दप्तरी कोणत्या वर्गात ठेवला यावर अवलंबून राहते.