रविवारच्या धास्तीचं मूळ शुक्रवारी

रविवारी संध्याकाळी पाच-सहा वाजले की अनेक नोकरदारांच्या पोटात गोळा येऊ लागतो. घरच्यांच्या बोलण्याकडे लक्ष लागत नाही, रात्री डोळा लागत नाही. या धास्तीचं मूळ पुष्कळदा शुक्रवारी अर्धवट टाकून आलेल्या कामात असतं.

मासिकॅम्पो आणि बॉमायस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की अपुरं काम दुसरं काही करतानाही मनात डोकावत राहतं. मात्र ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, की काम तसंच शिल्लक असूनही हा त्रास ओसरतो.

समजा, ठाण्यातल्या एका कंपनीत हिशेब पाहणाऱ्या बाईंना सोमवारी अकराच्या मीटिंगमध्ये थकीत देण्यांचा तक्ता द्यायचा आहे आणि गोदामाकडून दोन बिलं आलेली नाहीत. शुक्रवारी त्यांनी डायरीत नुसतं ‘तक्ता’ असं लिहिलं, तर रविवारी ‘बिलं मिळालीच नाहीत तर?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा उठणार. त्याऐवजी निघण्यापूर्वी दहा मिनिटं बसून त्यांनी असं लिहावं: ‘सोमवारी साडेनऊला गोदामात फोन. दहापर्यंत बिलं आली नाहीत, तर त्या दोन रकमांपुढे “बिल येणे बाकी” लिहायचं आणि तक्ता द्यायचा.’ अडचण आली तर काय करायचं, हेही त्यात आलं. त्यामुळे रविवारी मनाला घोळवत बसायला फारसं काही उरत नाही.

शुक्रवारी हे राहून गेलं, तर रविवारी संध्याकाळी लिहावं, पण ऑफिसची मेल न उघडता. मेल उघडली की नवी कामं दिसतात आणि ती त्या वेळी हातावेगळीही करता येत नाहीत. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

झोपेचं आणखी एक कारण साधं आहे. सकाळी दहाला उठून दुपारी जेवणानंतर दोन तास झोपलेल्या शरीराला रात्री अकराला झोप येत नाही आणि अंधारात जागं पडल्यावर काळजी वाढते. म्हणून रविवारी रोजच्यापेक्षा तासाभराहून जास्त उशिरा उठू नये आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर थांबवावी.

दोन-तीन आठवडे असं करूनही धास्ती तशीच राहिली, तर मनात नेमकं काय येतं ते पाहावं. एखादं काम येत असेल, तर यादी अजून मोघम आहे. साहेबांचा चढलेला आवाज किंवा चारचौघांतला अपमान आठवत असेल, तर यादीने तो सुटणार नाही; तिथे वरिष्ठांशी बोलणं, विभाग बदलणं किंवा दुसरी नोकरी शोधणं हेच उपाय आहेत. आणि धास्ती आठवडाभर उतरतच नसेल, झोप-भूक गेली असेल, तर डॉक्टरांना भेटावं. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करूनही मोफत समुपदेशन मिळतं.