सिव्हिलला जाणारी बस आणि कडांचे गणित

आसरा चौकातल्या एका रुग्णाला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी सिव्हिल हॉस्पिटलला जावे लागते, असे समजा. त्याला किती किलोमीटर जायचे यापेक्षा किती वेळा बस बदलायची, हाच प्रश्न मोठा असतो. परतताना अंगात त्राण नसते आणि थांब्यावर बसायला जागा मिळेलच असे नाही. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला अवघड वाटणारा ‘ग्राफ थिअरी’ हा विषय नेमका अशाच प्रश्नांसाठी आहे.

इथे ग्राफ म्हणजे तापाच्या तक्त्यावरची चढउताराची रेघ नव्हे. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, एवढाच हा ग्राफ. बिंदूला नोड म्हणतात, रेघेला एज म्हणजे कड. कड सरळ काढली की वाकडी, लांब की आखूड, याला महत्त्व नाही. कोण कोणाशी जोडले आहे, एवढेच पाहायचे. ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचे कोडे असेच सोडवले. त्याने अंतरे बाजूला ठेवली आणि फक्त जोडण्या पाहिल्या.

आता सोलापूरचा एक लहानसा नकाशा काढू. हे परिवहनचे वेळापत्रक नव्हे, समजण्यासाठी सोपी केलेली आकृती आहे. यात दोनच बसमार्ग धरू. पहिला बाळे, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, सात रस्ता, आसरा असा. दुसरा एसटी स्टँड, सिव्हिल, अशोक चौक, विडी घरकुल असा. लागोपाठच्या थांब्यांमध्ये एकेक कड काढली की ८ बिंदू आणि ७ कडा होतात.

एका बिंदूला जितक्या कडा, तितकी त्याची डिग्री. बाळे, आसरा आणि विडी घरकुल यांची डिग्री १, एसटी स्टँडची ३, बाकी चौघांची २. बेरीज १४ येते, म्हणजे कडांच्या बरोबर दुप्पट. प्रत्येक कडेला दोन टोके असतात, म्हणून असे होणारच. बेरीज जुळली नाही तर मोजताना कुठेतरी चूक झाली, असे समजावे.

डिग्रीपेक्षा महत्त्वाची गोष्ट बिंदू पुसल्यावर कळते. गड्ड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत रस्ते बंद झाले आणि एसटी स्टँडचा थांबा वापरता आला नाही, तर या आकृतीचे तीन तुकडे होतात. बाळे एकटे पडते, स्टेशन ते आसरा एकीकडे राहते आणि सिव्हिल ते विडी घरकुल दुसरीकडे. जो बिंदू काढल्यावर ग्राफ तुटतो, त्याला कट व्हर्टेक्स म्हणतात. आसऱ्याच्या रुग्णाला त्या दिवशी सिव्हिल गाठायला बसच उरत नाही.

यावर उपाय म्हणून सात रस्ता ते सिव्हिल अशी आठवी कड जोडू. आता एसटी स्टँड पुसले तरी फक्त बाळे तुटते, कारण बाकीच्यांना दुसरी वाट मिळाली. आसरा ते सिव्हिल हे अंतरही चार कडांवरून दोन कडांवर आले. कागदावर रुग्णाची सोय झाली.

पण बस बदलावी लागतेच. आधी तो एसटी स्टँडला उतरत होता, आता सात रस्त्याला उतरेल. चूक गणिताची नाही, प्रश्नाची आहे. आपल्या आकृतीत कडेचा अर्थ ‘पुढचा थांबा’ असा होता. रुग्णाचा प्रश्न मात्र ‘न बदलता पोहोचेन का?’ हा आहे.

म्हणून त्याच थांब्यांचा दुसरा ग्राफ काढावा लागतो. त्यात एकाच बसने जाता येणाऱ्या प्रत्येक जोडीमध्ये कड काढायची. मूळ दोन मार्गांपैकी पहिल्यावर पाच थांबे आहेत, त्यांच्या १० जोड्या होतात. दुसऱ्यावरच्या चार थांब्यांच्या ६ होतात. बिंदू तेच आठ, कडा मात्र १६. या ग्राफात आसरा आणि सिव्हिल यांच्यात दोन कडा आहेत, म्हणजे एकदा बस बदलणे आले. बाळ्याहून सिव्हिलही इथे दोनच कडांवर आहे. पहिल्या ग्राफात आसरा बाळ्याच्या दुप्पट लांब होता, इथे दोघे सारखेच.

सात रस्ता ते सिव्हिल एवढ्यापुरती वेगळी बस सोडली, तर हे दोनाचे अंतर तसेच राहते. तीच बस आसऱ्याहून निघाली तर ते एकावर येते. रस्ता तोच, फक्त बस कुठून सुटते ते बदलले.

बस किती वेळाने येते हे या दोन्ही ग्राफांत दिसत नाही. त्यासाठी प्रत्येक कडेवर मिनिटे लिहावी लागतात, आणि ती सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी असतात. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगळा असेल तर कडेला बाणही लागतो. पण मिनिटे आणि बाण हे नंतरचे. कोणताही ग्राफ हातात आला की आधी विचारायचे ते हेच, की इथे कडेचा अर्थ काय?